1 पाठवा, 2 पाठवा: अपॉइंटमेंटच्या मेसेजमधले आकडे लोकांना कळतील असे कसे लिहायचे

प्रश्न: आमच्या फिजिओथेरपी केंद्रातून अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी एसएमएस जातो: "प्रिय ग्राहक, आपली अपॉइंटमेंट उद्या 1 वाजता आहे. पुष्टीसाठी 1 दाबा, पुनर्निर्धारणासाठी 2 दाबा. धन्यवाद." उत्तरं भलतीच येतात. कुणी "ओके" लिहितं, कुणी "1 ला येते", आणि 2 पाठवणाऱ्या काहींना वाटतं की वेळ रद्दच झाली. मजकूर कसा बदलावा?

उत्तर:

मजकुराकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासा: हा मेसेज कुठल्या नावाने जातो? पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरांचं नाव दिसत असेल, तर त्या मेसेजला उत्तर देताच येत नाही. अक्षरी नाव एकेरी असतं. त्यातून मेसेज जातो, परत काही येत नाही. तुमच्याकडे उत्तरं येतायत, म्हणजे नंबर दुहेरी आहे. पण काही सेवांमध्ये एक मार्ग बंद पडला की मेसेज आपोआप दुसऱ्या मार्गाने जातात आणि तिथे पाठवणारा अक्षरी असू शकतो. एखाद्या दिवशी अचानक एकही उत्तर आलं नाही, तर मजकुराला दोष देण्याआधी स्वतःच्या फोनवर एक मेसेज मागवून त्याला उत्तर देऊन बघा.

आता मजकूर. तुमच्या दोन ओळींत चार अडचणी आहेत आणि चारही शब्दांच्या आहेत.

पहिली म्हणजे "दाबा". हा शब्द फोनवरच्या रेकॉर्डेड आवाजाचा आहे: मराठीसाठी एक दाबा, वगैरे. तिथे कॉल चालू असतो आणि कीपॅड समोर असतो. एसएमएस वाचणाऱ्यासमोर दाबायला काहीच नसतं. काही जण मेसेजमधल्या 1 वरच बोट ठेवून बघतात, काही जण त्या नंबरला फोन लावतात. इथे क्रिया "पाठवणे" ही आहे, आणि "उत्तरात फक्त आकडा पाठवा" एवढं म्हटलं की काम होतं. त्यातला "फक्त" काढू नका. तो नसेल तर सभ्य माणूस "नमस्कार, 1, धन्यवाद" असं लिहितो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

दुसरी, "पुष्टी" आणि "पुनर्निर्धारण". हे शब्द अर्जांवर छापलेले असतात. घरात, रिक्षात, दवाखान्याच्या बाकावर कुणी बोलत नाही. "कन्फर्म" बहुतेकांना कळतं, "रीशेड्यूल" सगळ्यांना नाही. पण कळण्याच्याही पुढचा मुद्दा असा की पर्याय वाचणाऱ्याच्या तोंडचं वाक्य म्हणून लिहिला तर आकडा निवडताना त्याला भाषांतर करावं लागत नाही. "येणार आहे" आणि "दुसरी वेळ हवी" ही वाक्यं तो रिसेप्शनवर बोलतोच. मराठीत इथे लिंगाची पाचरही बसते. "येतो" लिहिलं तर निम्म्या लोकांना ते आपलं वाटत नाही आणि "येतो/येते" लिहिलं की मधली तिरपी रेघ मेसेजभर खुपते. "येणार आहे" मात्र दोघांनाही चालतं. "हवी" वेळेशी जुळतं, बोलणाऱ्याशी नाही, त्यामुळे तिथेही प्रश्न येत नाही.

आणखी एक सापळा आहे. जागा वाचवायला लोक "2 - वेळ बदल" असं लिहितात. घाईत वाचणाऱ्याला ती सूचना वाटते, म्हणजे वेळ बदलली आहे असं. मग तो फोन करून नवी वेळ विचारतो. "दुसरी वेळ हवी" याचा असा उलटा अर्थ निघत नाही.

तिसरी अडचण, वेळ आणि कोड यांची गल्लत. "उद्या 1 वाजता आहे. पुष्टीसाठी 1" या दोन एकांमध्ये फक्त तीन शब्द आहेत. "1 ला येते" हे उत्तर त्यातूनच जन्मलं. ती बाई एक वाजता येते म्हणतेय, की कोड 1 पाठवतेय, हे तुमच्या प्रणालीला कळणार नाही आणि खरं तर तिलाही वेगळं करायचं नाहीये. वेळ नेहमी मिनिटांसकट लिहा, "दुपारी 1:00" अशी, आणि कोड वेगळ्या ओळींवर घ्या. आकडा ओळीच्या सुरुवातीला ठेवा. बोलून सांगायचं असतं तेव्हा उलट क्रम बरा: आधी काम, मग आकडा, कारण ऐकणाऱ्याच्या कानात शेवटचं राहतं. लेखी मेसेजात मात्र डोळा पुन्हा वर जाऊन आकडा शोधतो, आणि डाव्या कडेला तो लगेच सापडतो.

चौथी, "उद्या". मेसेज रात्री अकराला पोहोचला आणि सकाळी वाचला गेला, की "उद्या" एक दिवस पुढे सरकतो. फोन बंद असेल तर एसएमएस काही तास अडकूनही राहतो. "परवा" तर मराठीत दोन्ही दिशांना जातो. वार आणि तारीख दोन्ही लिहा. तारीख चुकीची वाचली तरी वार खटकतो, आणि वार विसरला तरी तारीख असते.

यावरून मजकूर असा होतो. समजा अपॉइंटमेंट गुरुवार १४ मार्चला दुपारी साडेचारची आहे आणि मेसेज मंगळवारी सकाळी दहाला जातो. आदल्या दिवशी पाठवलात तर 2 पाठवणाऱ्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यायला वेळच उरत नाही, म्हणून दोन दिवस.

```
फिजिओ केंद्र: गुरुवार 14 मार्च, दुपारी 4:30.
1 - येणार आहे
2 - दुसरी वेळ हवी
उत्तरात फक्त आकडा पाठवा. नवी वेळ ठरेपर्यंत हीच वेळ राहील.
उत्तर नसेल तर बुधवारी फोन करू.
```

"प्रिय ग्राहक" आणि "धन्यवाद" गेले, याचं वाईट वाटू देऊ नका. त्यांची जागा शेवटच्या दोन वाक्यांनी घेतली आहे, आणि तुमच्या बहुतेक तक्रारी त्या दोन वाक्यांच्या अभावातूनच आल्या आहेत. 2 पाठवलं तर आत्ताची वेळ जाते की राहते, हे मूळ मेसेजात कुठेच नव्हतं. ज्याला वाटलं की जाते, तो 2 पाठवायला कचरतो आणि शेवटी न सांगताच येत नाही. ज्याला वाटलं की रद्द झाली, तो निश्चिंत होतो आणि तुम्ही त्याची वाट बघता. उत्तरच दिलं नाही तर काय, हेही तसंच. काही ठिकाणी उत्तर नसेल तर जागा सोडून देतात, काही ठिकाणी धरून ठेवतात. दोन्ही चालेल, पण लिहिलेलं हवं.

लांबीचा हिशेब ठेवावा लागतो. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या रोमन लिपीत त्यात १६० अक्षरं बसतात, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेतं, म्हणून फक्त ७०. आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगळं चिन्ह म्हणून मोजलं जातं: "मार्च" हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो, मोजणीत पाच चिन्हं. मेसेज ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, जोडणीची माहिती प्रत्येक तुकड्यात थोडी जागा खाते आणि तुकड्यामागे ६७ च उरतात. वरचा मजकूर साधारण १६५ चिन्हांचा आहे, म्हणजे तीन तुकडे, कारण तिनांची मर्यादा २०१ आहे. फोन ते जोडून एकच मेसेज दाखवतो, पण आकारणी सहसा तुकड्यांवर होते. शेवटची दोन वाक्यं काढलीत तर दोन तुकड्यांत बसेल. मी काढणार नाही. तेवढी बचत रिसेप्शनवरच्या फोनांमध्ये जाते. केंद्राचं नाव मोठं असेल तर ते छोटं करा. लोक नाव पूर्ण वाचत नाहीत, ओळखतात.

आता उत्तर कसं वाचायचं ते. इथे मराठी मेसेजांची एक खास चूक होते. मराठी कीबोर्डवरून लोक 1 ऐवजी १ पाठवतात. माणसाला दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळी चिन्हं. प्रणाली फक्त रोमन 1 ओळखत असेल तर सगळ्यात आज्ञाधारक उत्तरं "समजलं नाही" या खात्यात जातात. मेसेजात मी कोड रोमन आकड्यांत ठेवतो, कारण बऱ्याच कीबोर्डवर तेच आधी समोर येतात आणि दिसतं तेच टाइप करणं सोपं जातं. पण स्वीकारायचे दोन्ही.

दुसरा नियम: पूर्ण उत्तर कोडाइतकंच असलं पाहिजे. उत्तरात कुठेही 1 सापडला की "येणार" धरायचं, असं काही प्रणाल्या करतात, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. "11 ला जमेल का" यात 1 आहे. "1 नको 2" यात दोन्ही आहेत. सगळ्यात फसवं म्हणजे आयफोनवर काही वेळा एसएमएसला अंगठ्याची प्रतिक्रिया दिली की पलीकडे `Liked` या शब्दापुढे तुमचाच पूर्ण मेसेज अवतरणचिन्हांत येतो. त्यात 1 ही असतो आणि 2 ही. म्हणून कडेची विरामचिन्हं झटकायची, देवनागरी आकडे रोमन करायचे, आणि जे उरेल ते तंतोतंत कोड असेल तरच घ्यायचं. पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
DEV = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")
KADA = " \t\r\n.,।!()-\"'“”‘’\ufe0f\u20e3"

def kod(uttar, chalu):
    s = uttar.translate(DEV).strip(KADA)
    return s if s in chalu else None
```

`KADA` मधली शेवटची दोन चिन्हं चौकटीतल्या आकड्याच्या इमोजीसाठी आहेत. काही जण तोच पाठवतात. `chalu` म्हणजे त्या माणसासाठी या घडीला चालू असलेल्या कोडांची यादी. ती का लागते ते खाली येतं.

`None` आलं की उत्तर माणसाकडे गेलं पाहिजे. "हो" एकटंच आलं तर येणार असं धरायला हरकत नाही. "ओके" मात्र मी धरत नाही. मराठीत ओके म्हणजे बहुतेक वेळा "पाहिलं", येणार असं नव्हे. त्याला एकदाच उलट विचारा: "येणार असाल तर 1, दुसरी वेळ हवी असेल तर 2 पाठवा." दुसऱ्यांदाही कळलं नाही तर पुन्हा मेसेज पाठवू नका, फोन करा. यंत्र तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणतं तेव्हा लोक चिडतात, आणि ते बरोबरच असतं. "नाही" या उत्तरावर आपोआप रद्द करू नका. "नाही, येणार आहे" असं लिहिता लिहिता बोट चुकून पाठवा वर पडलेलं असू शकतं.

कोड म्हणून इंग्रजी शब्द ठेवायचा मोह टाळा, विशेषतः `CANCEL`. बऱ्याच एसएमएस सेवांमध्ये `STOP`, `END`, `QUIT` आणि `CANCEL` हे शब्द "मला मेसेज पाठवू नका" या अर्थाने आधीच राखीव असतात. पेशंटने अपॉइंटमेंट रद्द करायला तो शब्द पाठवला, की सेवा त्याचा नंबरच बंद यादीत टाकते. पुढे त्याला ना उत्तर जातं ना पुढच्या वेळची आठवण, आणि तुमच्या पडद्यावर मेसेज न पोहोचल्याची एक त्रुटी दिसते जिचा अर्थ कुणाला लागत नाही. आकड्यांचा हा मोठा फायदा आहे की ते सहसा कुठे राखीव नसतात.

एसएमएसच्या उत्तरात फक्त दोन गोष्टी परत येतात: कुठल्या नंबरवरून आलं आणि काय लिहिलं. कुठल्या मेसेजला ते उत्तर आहे, हे त्यात नसतं. पुढच्या सगळ्या अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

2 नंतरचा मेसेज घ्या. तिथे नव्या वेळा द्यायच्या असतात, आणि जवळपास सगळे पुन्हा 1 पासून मोजायला लागतात: 1 शुक्रवार, 2 सोमवार. आता विचार करा, पेशंटने आधी 2 पाठवलं, मग मन बदललं आणि "येणारच आहे" म्हणून 1 पाठवला. त्या दोन मिनिटांत तुमचा दुसरा मेसेज त्याच्याकडे पोहोचलेला आहे किंवा नाही. तुमच्या प्रणालीसाठी 1 म्हणजे शुक्रवार. त्याच्यासाठी गुरुवार साडेचार. तो गुरुवारी येतो आणि त्याची जागा नसते. म्हणून 1 आणि 2 चा अर्थ एकदा ठरला की कधीच बदलायचा नाही, आणि पुढचे पर्याय 3 पासून सुरू करायचे:

```
ठीक. गुरुवार 14 मार्च, 4:30 सध्या तुमचीच आहे.
3 - शुक्रवार 15 मार्च, सकाळी 11:00
4 - सोमवार 18 मार्च, संध्याकाळी 5:30
5 - जमणार नाही, मला फोन करा
1 - आधीचीच वेळ ठेवा
```

शेवटची ओळ मुद्दाम आहे. मन बदलणं हा अपवाद नाही, नेहमीचं वागणं आहे. 1 चा अर्थ इथेही "गुरुवारी येणार" हाच राहतो, त्यामुळे तो कुठल्याही मेसेजला उत्तर म्हणून आला तरी परिणाम एकच. नव्या वेळा दोनच ठेवल्यात. चार वेळा दिल्या तर लोक ठरवू म्हणून फोन बाजूला ठेवतात आणि परत येत नाहीत.

या दोन वेळा मेसेज गेल्यापासून धरून ठेवाव्या लागतात, दोन तास पुरतात. धरल्या नाहीत तर पेशंटने 3 पाठवण्याआधी रिसेप्शनवरून शुक्रवारची अकराची वेळ दुसऱ्याला दिली जाते. दोन तासांनंतर 3 आला आणि वेळ मोकळी असेल तर द्या; नसेल तर "शुक्रवार 11:00 आता भरली. गुरुवार 4:30 अजून तुमचीच आहे. आम्ही फोन करतो." एवढं पाठवा. यातलं मधलं वाक्य सोडू नका.

आणि बदल नोंदवताना क्रम असा: आधी नवी वेळ पक्की, मग जुनी मोकळी. अनेक सॉफ्टवेअरमध्ये "बदला" ही क्रिया आतून रद्द आणि नवी नोंद अशी दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा झाला आणि दुसरा अडला, की पेशंटच्या हातात दोन्हींपैकी एकही वेळ राहत नाही. तुमच्याकडे असं होतं का हे बघायला, एक चाचणी नोंद करून 2 पाठवा आणि पुढे काहीच पाठवू नका. तासाभराने जुनी वेळ मोकळी दिसत असेल, तर तुमच्या मेसेजातलं "हीच वेळ राहील" हे खोटं आहे, आणि आधी सॉफ्टवेअर दुरुस्त करायला हवं, वाक्य नंतर.

एकाच नंबरवर दोन अपॉइंटमेंट हा फिजिओथेरपीत रोजचा प्रकार आहे. आई स्वतःची आणि मुलाची वेळ घेते, किंवा एकाच पेशंटची आठवड्यात तीन सत्रं असतात. दोन मेसेज गेले आणि एक 1 परत आला, तर तो कशाचा? अंदाज करू नका. त्याच दिवसाच्या दोन वेळा असतील तर एकच मेसेज पाठवा, "दोघांची वेळ: 4:30 आणि 5:00", आणि 1 दोन्हींना लागू करा, वेगळं काही हवं असेल तर ते 2 पाठवतील. वेगवेगळ्या दिवसांची सत्रं असतील तर एक आटोपल्याशिवाय दुसऱ्याचा मेसेज सोडू नका. दोन दिवस आधीच्या नियमात हे सहज बसत नाही, कारण सोमवार आणि बुधवारचे मेसेज एकमेकांवर येतात. तेव्हा पहिल्याला उत्तर आलं नसेल तर फोन करून तो प्रश्न संपवायचा आणि मगच दुसरा पाठवायचा.

प्रत्येक उत्तराला पावती गेली पाहिजे आणि तिच्यात तारीख-वेळ पुन्हा हवी: "नोंद झाली: गुरुवार 14 मार्च, दुपारी 4:30." नुसतं "धन्यवाद" पाठवलं तर 2 पाठवलेल्या माणसाला कळत नाही की कशाबद्दल. पावतीमुळे तुमच्या चुकाही पेशंट स्वतःच पकडतो, कारण चुकीची वेळ दिसली की तो लगेच फोन करतो.

उशिरा येणारी उत्तरं राहिली. गुरुवारी संध्याकाळी सहाला 1 येतो, अपॉइंटमेंट होऊन गेल्यावर. इथे `chalu` कामाला येतं: साडेचार वाजले की त्या माणसासाठी ती यादी रिकामी. रिकामी यादी म्हणजे गप्प बसणं नव्हे. "ही वेळ होऊन गेली. नवी वेळ हवी असल्यास फोन करा." असं उत्तर जाऊ द्या, नाहीतर तो समजतो की पुढच्या आठवड्याचंच पक्कं झालं.

नवा मजकूर सुरू केल्यावर दोन आठवडे न कळलेली सगळी उत्तरं रोज एका माणसाने वाचावीत. नावं सोडा, फक्त शब्द बघा. "किती वाजता" असं वारंवार दिसलं तर वेळेची ओळ नीट वाचली जात नाही. "रद्द" वारंवार आलं तर लोकांना ते हवं आहे आणि तुम्ही दिलेलं नाही. तेव्हा पहिल्या मेसेजात "6 - येणार नाही, रद्द करा" जोडा. 3 देऊ नका, तो शुक्रवारसाठी गेला आहे.